भांडं तेवढंच, गळती कमी

सेशनलच्या पेपरात दहापैकी दोन मिळाले, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मॅडमनी लाल पेनने मारलेल्या शेऱ्याचं. प्रश्न थिओफिलीनचा होता: ६० किलोचा दम्याचा रुग्ण, यकृत खराब झालेलं, त्यामुळे औषध अंगातून बाहेर जायचा वेग, म्हणजे क्लिअरन्स, निम्म्यावर आलेला; सुरुवातीला एकदाच द्यायचा लोडिंग डोस आणि नंतर देत राहायचा मेंटेनन्स डोस काढा. मी विचार केला, यकृत निम्मं काम करतंय म्हणजे औषधही निम्मं. दोन्ही डोस निम्मे करून मोकळी झाले. लोडिंग डोसच्या उत्तराखाली मॅडमनी लिहिलं होतं, "भांडं लहान झालं का?"

सूत्रं मला दोन्ही पाठ होती. कुठलं कशातून आलं तेवढं माहीत नव्हतं, त्यामुळे त्या प्रश्नाचा अर्थच लागेना. रात्री जेवताना दादाला पेपर दाखवला. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्याला औषधांच्या असल्या हिशोबाशी काही देणंघेणं नाही. पण 'भांडं' शब्द वाचून तो म्हणाला, "हे तर आमच्या कूलंटच्या टाकीसारखंच आहे की गं."

मशीनची टाकी समजा १०० लिटरची. कूलंट ५ टक्क्यांचं ठेवायचं, म्हणजे पहिल्यांदा भरताना ५ लिटर कटिंग ऑइल आणि बाकी पाणी. दिवसभरात धातूच्या बुऱ्याला आणि जॉबला चिकटून ४ लिटर कूलंट बाहेर जातं. त्या ४ लिटरांत ५ टक्के दराने २०० मिली ऑइल गेलं. मग रोज संध्याकाळी २०० मिली ऑइल घातलेलं ४ लिटर मिश्रण टाकीत ओतायचं, की टाकी पुन्हा पाच टक्क्यांवर. (पाणी वाफ होऊन जातं ते वेगळं. दादाने ते सांगितलं, पण मला तेव्हा नको होतं.)

मी विचारलं, टाकी २०० लिटरची असती तर? "पहिल्या भरणीला ऑइल दुप्पट. रोजचं तेवढंच. बुरा टाकीचा आकार बघून थोडाच ऑइल नेतो?" आणि बुरा कमी पडायला लागला तर? "मग रोजचं कमी. भरणी तीच."

मी जेवण अर्धं टाकून वही आणली. पहिली भरणी टाकीच्या आकारावर ठरते. औषधाच्या भाषेत तो आकार म्हणजे व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन. एका लिटरात हवी तेवढी पातळी, असे जितके लिटर तितक्या पट औषध लागणार. रोजची भर ठरते ती दर तासाला किती लिटर रक्तद्रव औषधापासून मोकळं होतं त्यावर, तो क्लिअरन्स. तासाला जाणारं औषध म्हणजे क्लिअरन्स गुणिले पातळी, आणि पातळी स्थिर ठेवायची तर जेवढं जातं तेवढंच आत गेलं पाहिजे. सूत्रं दोनच ओळींची, त्यात C म्हणजे हवी ती पातळी:

```
LD = Vd × C
MD (प्रति तास) = CL × C
```

पाठांतरात मी हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून गोंधळ करत होते. आता एककंच वाट दाखवायला लागली. लिटर गुणिले मिग्रॅ प्रति लिटर केलं की नुसते मिग्रॅ उरतात, म्हणजे एकदाच द्यायचा डोस. लिटर प्रति तास गुणिले मिग्रॅ प्रति लिटर केलं की मिग्रॅ प्रति तास, म्हणजे देत राहायचा वेग. लोडिंग डोसच्या उत्तरात 'प्रति तास' शिल्लक राहिलं, तर चूक कुठे झाली ते उत्तर तपासायच्या आधीच कळतं.

मग तोच रुग्ण आधी निरोगी यकृताचा धरून सोडवला. थिओफिलीनचा पुस्तकी व्हॉल्यूम किलोमागे ०.५ लिटर, म्हणजे ६० किलोला ३० लिटर. क्लिअरन्स किलोमागे तासाला ०.०४ लिटर, म्हणजे २.४ लिटर प्रति तास. पातळी हवी १० मिग्रॅ प्रति लिटर. लोडिंग डोस ३० गुणिले १०, ३०० मिग्रॅ. मेंटेनन्स २.४ गुणिले १०, तासाला २४ मिग्रॅ.

इथे एक खाच आहे आणि माझ्या वर्गातले निम्मे लोक तिथेच अडखळतात. शिरेतून देतात ते ॲमिनोफिलीन, आणि त्याच्या वजनात थिओफिलीन साधारण ८० टक्केच असतं. म्हणून दोन्ही आकडे ०.८ ने भागायचे: लोडिंग ३७५ मिग्रॅ, मेंटेनन्स तासाला ३० मिग्रॅ. १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २५० मिग्रॅ असेल, तर लोडिंगला १५ मिली, तेही पातळ करून २० ते ३० मिनिटांत सावकाश. गुणायचं की भागायचं हे विसरायला झालं तर मी एवढंच बघते, की ॲमिनोफिलीनचा आकडा थिओफिलीनपेक्षा मोठा आलाय ना.

लोडिंग डोस दिलाच नाही आणि नुसता तासाला २४ मिग्रॅचा पंप लावला, तर काय होईल? पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, म्हणजे अर्धायुष्य, ०.६९३ गुणिले ३० भागिले २.४, साधारण ८.७ तास. पहिल्या ८.७ तासांनी पातळी ५ वर, आणखी तेवढ्या वेळाने साडेसात, मग पावणेनऊ. दहाच्या आसपास पोचायला दीड दिवस. धाप लागलेल्या माणसाला दीड दिवस थांब म्हणता येत नाही, म्हणून भरणी आधी करायची. मात्र शेवटी पातळी कुठे स्थिरावणार हे लोडिंग डोस ठरवत नाही. तो दुप्पट दिला तरी काही अर्धायुष्यांनंतर पातळी क्लिअरन्स आणि पंपाचा वेग सांगतील तिथेच येते. अर्थात तोवर रुग्णाचे हाल होतात, कारण २० च्या वर गेलं की उलट्या, धडधड आणि पुढे झटकेसुद्धा.

आता माझा नापास झालेला प्रश्न. यकृत बिघडलं, क्लिअरन्स १.२ लिटर प्रति तास झाला, पण औषध पसरायची जागा ३० लिटरच राहिली. म्हणून लोडिंग पूर्ण ३०० मिग्रॅ, मेंटेनन्स निम्मा, तासाला १२ मिग्रॅ. अर्धायुष्य मात्र दुप्पट, १७.३ तास. मी लोडिंग निम्मं केलं होतं, म्हणजे रुग्णाला पाच पातळीवर सोडलं असतं, आणि निम्म्या वेगाच्या पंपाने तो दहाला पोचायला तीन दिवस लागले असते.

हा नियम हातात आल्यावर मी जरा जास्तच खूश झाले आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर आपटले. त्याचा व्हॉल्यूम किलोमागे साधारण ७ लिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसात ४२० लिटर. माणसाच्या अंगात सगळं मिळून पाणी असतं ३५-३६ लिटर! हे कोडं आईने सोडवलं, तेही नकळत. आमटी खारट झाली होती म्हणून तिने कणकेचा गोळा टाकला. गोळ्याने मीठ ओढलं आणि आमटी अशी लागायला लागली, जणू थोडं पाणी वाढवलंय. रक्तातली पातळी म्हणजे आमटीची चव. डिगॉक्सिन हृदयाच्या आणि बाकीच्या स्नायूंत जाऊन बसतं, रक्तात थोडंच उरतं, म्हणून हिशोबात टाकी प्रचंड दिसते. गोळ्याला मीठ ओढायला वेळ लागतो तसा डिगॉक्सिनलाही काही तास लागतात. म्हणून लोडिंग एकदम न देता तुकड्यांत देतात, आणि डोसनंतर सहा तासांच्या आत रक्त काढलं तर पातळी खोटी जास्त दिसते.

आणि 'आजार फक्त मेंटेनन्स बदलतो' हा माझा नवा नियम तिथे मोडतो. मूत्रपिंड निकामी असेल तर डिगॉक्सिनचा क्लिअरन्स तर घटतोच, पण ऊतींमध्ये बसणंही कमी होतं, म्हणजे व्हॉल्यूमही लहान होतो. तिथे भांडं खरंच लहान झालेलं असतं आणि लोडिंग कमी करावंच लागतं. मॅडमचा शेरा प्रश्न होता, उत्तर नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

व्हायव्हाला त्यांनी तोच रुग्ण पुन्हा समोर ठेवला, पण उलट्या बाजूने. "अगं, समज यकृताचं कुणाला माहीतच नव्हतं. ३०० मिग्रॅ थिओफिलीन लोडिंग दिलं आणि तासाला २४ चा पंप लावला. लोडिंगनंतर पातळी १०, बारा तासांनी १३.८. चुकलं कुठे?"

मी आधी पहिला आकडा धरला. लोडिंगनंतर लगेच काढलेली पातळी फक्त भांड्याबद्दल बोलते. ३०० मिग्रॅला १० आली, म्हणजे ३० लिटर बरोबर आहेत. क्लिअरन्सची चूक त्या आकड्यात दिसणं शक्यच नाही, कारण गळायला अजून वेळच मिळालेला नसतो. ती उशिराच्या आकड्यात दिसते.

मग किराणा दुकानासारखा जमाखर्च मांडला. बारा तासांत आत गेलं १२ गुणिले २४, म्हणजे २८८ मिग्रॅ. पातळी ३.८ ने वाढली, गुणिले ३० लिटर, म्हणजे ११४ मिग्रॅ अंगात साठलं. उरलेलं १७४ मिग्रॅ बाहेर पडलं, तासाला साडेचौदा. त्या काळात पातळी सरासरी ११.९ होती. साडेचौदा भागिले ११.९ म्हणजे क्लिअरन्स तासाला साधारण १.२ लिटर. २.४ धरला होता तो निम्माच निघाला.

"पंप असाच चालू ठेवला तर?"

२४ भागिले १.२. वीसवर जाऊन थांबेल.

"मग आता वेग १२ कर आणि जा घरी?"

हो म्हणणार होते, पण दादाची टाकी आठवली. वेग आत्ता १२ केला तरी पातळी १३.८ वरून १० कडे सावकाश उतरत राहील, कारण अर्धायुष्य १७ तासांचं आहे. लवकर उतरवायची तर पंप आधी पूर्ण बंद करायचा. १.२ भागिले ३० म्हणजे तासाला ०.०४ हा उतरायचा दर. १३.८ वरून १० वर यायला साधारण आठ तास. आठ तास बंद, मग थिओफिलीनचा वेग १२.

"आणि पंपात ॲमिनोफिलीन आहे," मॅडम म्हणाल्या.

तासाला १५.