चोखोबांचं प्रकरण: दह्याची गोष्ट वेगळी काढली

मंडळी, चोखामेळ्यांच्या चरित्राचं तिसरं प्रकरण पंधरा दिवस अडकलं होतं. रविवारी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून ते सोडवलं.

चूक माझीच होती. मंदिरातल्या मारहाणीचा प्रसंग लिहिताना मी दोन साधनं एकात कालवली होती. पहिलं चोखोबांचा अभंग: बडवे मारताहेत, ‘विठोबाचा हार तुझ्या कंठीं कैसा आला’ म्हणून शिव्या देताहेत, आणि चोखोबा विठूला धाव म्हणताहेत. दुसरं महिपतींचा भक्तिविजय: देव चोखोबांकडे जेवायला येतो, दही सांडतं, ब्राह्मण चोखोबांना थप्पड मारतो आणि मंदिरात पाहतो तर गाल देवाचा सुजलेला. मग पश्चात्ताप होऊन तो चोखोबांना हाताला धरून देवळात नेतो.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले, जिथे जुळतं तिथे निळी आणि जिथे फक्त महिपती बोलतात तिथे लाल पेन्सिल चालवली. निळं फारच थोडं निघालं: मारहाण आणि देव बाटल्याचा आरोप. दही, सूज, पश्चात्ताप सगळं लाल. अभंगात देव आलाच नाही, हाक तेवढी आहे. त्या हाकेला महिपतींनी ओ दिली, असं मला वाटतं.

भक्तिविजय १७६२ चा आणि चोखोबा चौदाव्या शतकातले, म्हणजे चारशे वर्षांचं अंतर. पण निव्वळ अंतरावरून मी तो शेवट नाकारला नाही. तो ताडून पाहता येतो. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळाला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. हाताला धरून आत नेल्याची गोष्ट खरी असती तरी त्याने रीत बदलली नाही, एवढं नक्की.

मात्र लाल मजकूर मी फेकलेला नाही. अठराव्या शतकातल्या कीर्तनाच्या श्रोत्यांना चोखोबांवरचा अन्याय मिटलेला ऐकायचा होता, पण गाभाऱ्याचं दार उघडायला देवालाच मार खावा लागला. ही महिपतींच्या काळाची साक्ष आहे, ती त्या काळाच्या प्रकरणात जाईल.

निळ्यावरही डोळे मिटून विश्वास नाही. अभंग तोंडोतोंडी आले, गाथा नंतर जमवल्या, ‘चोखा म्हणे’ ही मुद्रा कोणीही जोडू शकतं. म्हणून परिच्छेद आता असा सुरू होतो: ‘चोखोबांच्या नावावरच्या अभंगात बडव्यांच्या मारहाणीची तक्रार आहे.’ आधी लिहिलं होतं, ‘बडव्यांनी चोखोबांना मारलं.’ एका वाक्याला पूर्ण दुपार गेली.

पुढच्या आठवड्यात सोयराबाईंच्या अभंगांवर हीच पेन्सिल चालवणार आहे.