कान उडालेला कप

दुपारचे साडेतीन वाजले की आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात दोन माणसांचा चहा होतो, एक माझा आणि एक मावशींचा. मावशी गेली नऊ वर्षं आमच्याकडे येतात. चहाला त्यांचा एक स्टीलचा पेला आहे. तो 'त्यांचा' कधी झाला, कुणी केला, काही आठवत नाही. परवा तो पेला खरकट्यात पडला होता म्हणून मी फळीवर हात घातला. फळीवर चार धड कप होते आणि मागे एक कान उडालेला. माझा हात चार धड कप ओलांडून नेमका त्या पाचव्यावर गेला.

हात गेला, म्हणजे मी नेला नाही. हे मला फार झोंबलं. मी स्वतःला बऱ्यापैकी सुधारलेली समजते. पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हा कान उडालेला कप मला ओळखीचा वाटला. हाच नव्हे, याचा आजा.

सदाशिव पेठेत आमचा वाडा होता. मोरीच्या वरच्या कोनाड्यात भांडीवाल्या बाईंचा कप असायचा, कान नसलेला, कडेला टवका गेलेला. बाईंनी तो स्वतःच विसळून खाली ठेवायचा आणि आजीने वरून, न शिवता, चहाची धार सोडायची. यात कुणाला काही वाईट वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही. पाऊस वरून पडतो, तसा बाईंचा चहाही वरून पडतो.

मी सात वर्षांची असेन. आजीला डुलकी लागली होती, तिने पडल्यापडल्याच 'बाईंना चहा दे गं' म्हणून सांगितलं. कान नसलेला कप भरला तर बोटं भाजत होती. म्हणून मी सरळ आमच्यातला निळ्या काठाचा कप घेतला, भरला आणि नेऊन हातात दिला. बाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, मग माझ्याकडे. मग भराभर प्यायल्या, इतक्या भराभर की तोंड भाजलं असणार. कप तीनदा घासून त्यांनी पालथा घातला आणि मी तो परत फळीवर ठेवला.

रात्री मात्र मला झोप येईना. उद्या सकाळी याच कपातून बाबा चहा पिणार. आजी पिणार, तीही पूजेआधी. पोटात गोळा आला होता. देव बघतोय, असं अगदी स्पष्ट वाटत होतं. शेवटी उठले, आजीच्या गोधडीत शिरले आणि रडत सगळं सांगून टाकलं.

आजी रागावली नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस हो, गुणाची माझी बाय,' म्हणाली. पितळ-तांब्याचं असतं तर चिंच-राख लावून भागलं असतं, चिनी मातीला शुद्धी नाही. सकाळी तो निळ्या काठाचा कपही कोनाड्यात गेला. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की उठवावं लागलं.

ती गाढ झोप मला आता पन्नास वर्षांनी त्रास देते. कारण माझ्या आत जे काही 'सांगणारं' होतं, ते त्या रात्री अगदी जोरात आणि अगदी चुकीचं बोलत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला माणसासारखा चहा दिला होता आणि त्याबद्दल मला पापाची टोचणी लागली. मग मी ते चांगलं काम निस्तरून घेतलं आणि मन निर्मळ झालं म्हणून झोपले!

बाईंनी दुसऱ्या दिवशी कोनाड्यात दोन कप पाहिले. काही बोलल्या नाहीत. प्यायल्या त्या जुन्यातूनच.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द घरात कुणी बोलत नाही. घरात आपण 'मन खातं' म्हणतो, हल्ली 'गिल्टी वाटतं' म्हणतो. शब्द भारी केला की वाटतं आत कुणी न्यायाधीश बसलाय. मन खातं म्हटलं की निदान शंका घेता येते. मन काय, काहीही खातं.

लहान मुलांचं मन काय खातं यावर ज्याँ पियाजे नावाच्या स्विस माणसाने १९३२ साली एक पुस्तक लिहिलं. तो जिनिव्हातल्या मुलांना गोष्टी सांगून प्रश्न विचारायचा आणि त्यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट कपांचीच आहे. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला जॅम चोरायला चढतो आणि त्याच्याकडून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? शेजारची दोन मुलं एकदा माझ्याकडे होती, त्यांना मी हे विचारलं. सहा वर्षांचा म्हणाला, 'पंधरावाला! त्याची आई त्याला पंधरा धपाटे घालेल.' अकरा वर्षांची त्याची बहीण म्हणाली, 'अरे पण त्याला माहीत कुठे होतं?' पियाजेला जिनिव्हात सापडलं ते कोथरूडमध्ये जशास तसं. लहान मूल नुकसान मोजतं, मोठं होता होता हेतू बघायला लागतं.

पण माझ्या निळ्या कपाचं काय? तो फुटला नव्हता आणि हेतूही वाईट नव्हता. पियाजेकडे यालाही उत्तर आहे. त्या वयात मोठ्यांचा नियम म्हणजे डोंगर. तो कुणी, कशासाठी केला हे विचारायचं नसतं, तो असतोच. नियम माणसांनी केलेला असतो आणि एकमेकांना विचारून बदलताही येतो, हे मुलाला मोठ्यांकडून कळत नाही, बरोबरीच्या मुलांशी खेळताना कळतं. पियाजे त्यासाठी पोरांबरोबर गोट्या खेळायला बसला होता.

मी सागरगोटे खेळायचे. बाईंची मुलगी सुट्टीत त्यांच्याबरोबर यायची, माझ्याच वयाची. चौकाच्या पायरीवर बसायला शिवाशिव आड येत नव्हती, कशी काय कोण जाणे. एकदा झेलताना माझा एक गोटा खाली पडला आणि मी तो फ्रॉकखाली सरकवला. तिने पाहिलं. 'खोटं खेळलीस तू,' एवढंच म्हणाली, उठली आणि आईच्या जवळ जाऊन बसली. त्या वेळीही मन खात होतं, पण ते खाणं वेगळं होतं. यात देव बघत नव्हता, ती बघत होती. हे आजीला सांगून जाईना, राखेने घासून जाईना. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर पहिला डाव सोडला तेव्हा कुठे गेलं.

तेव्हापासून मी मनाची टोचणी तपासते. धुतल्याने जात असेल तर ती बहुधा टोचणी नसतेच, किळस असते आणि तिने सोवळं नेसलेलं असतं. टोचणीत कुणाचा तरी चेहरा दिसत असेल तर मात्र ऐकावं. ही कसोटीही फसते म्हणा. चेहरे आपल्याला आपल्याच माणसांचे आधी दिसतात. त्या रात्री मला बाबांचा चेहरा दिसत होता, बाईंचा नाही.

आणि आम्हा पुणेकरांनी चहावरून मन खाऊ देण्याची परंपराच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली. नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य उठलं, म्हणजे वाळीत टाकण्याची भाषा सुरू झाली. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद, मग चौकशी. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं तेव्हा त्यांच्या सुधारक मित्रांनीच नाराजी धरली. यात कुणाचं मन खरोखर खात होतं आणि कुणाला नुसती जातगंगा आवरायची होती, हे आता कसं ओळखणार? फिर्याद करणाऱ्यांतल्या काहींना तरी प्रामाणिकपणे झोप लागत नसेल. माझ्यासारखीच.

गंमत म्हणजे आतल्या आवाजाची सगळ्यांत कसून झडती घेतली ती टिळकांनीच. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात एका प्रकरणाचा मोठा भाग त्यावर आहे. काही पाश्चात्त्य पंडित म्हणत होते की माणसाच्या मनात एक स्वतंत्र देवताच बसलेली असते, ती तत्काळ बरं-वाईट सांगते आणि तिचं ऐकलं की झालं. टिळक म्हणतात, तशी वेगळी देवता नाही. इतर बाबतींत खरं-खोटं निवडते तीच बुद्धी इथेही निवडते, आणि ती ज्याच्या-त्याच्या संस्काराप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे चांगली किंवा वाईट असते. म्हणून तिचा कौल घेण्याआधी ती शुद्ध आहे का ते बघा. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस बुद्धी सांगितली आहे, ती अधर्मालाच धर्म समजते. तिथे ती बुद्धी गप्प असते असं म्हटलेलं नाही. ती समजते, मानते, बहुधा ठणकावून सांगतेही.

सात वर्षांच्या मुलीने बुद्धी शुद्ध कुठून करायची, हा प्रश्न मी टिळकांना विचारला असता. तिच्याजवळ आजी होती आणि आजीजवळ चिंच-राख होती. आजी दुष्ट नव्हती हो. बाईंच्या बाळंतपणात तिने स्वतः डिंकाचे लाडू वळून पाठवले होते. आता आठवलं, डबा परत घेतला नव्हता.

तर परवा. हात मागे घेतला आणि मुद्दाम धड कपांतला सगळ्यांत चांगला, पाहुण्यांचा, बारीक फुलांचा काढला. चहा गाळला आणि मावशींच्या हातात दिला. खरं सांगायचं तर पोटात काहीतरी हललं. पन्नास वर्षांपूर्वीचंच, थकलेलं.

मावशींनी कप पाहिला. मग ओट्याकडे पाहिलं.

'ताई, माझा पेला कुठंय?'

'घासायचाय. आज यातून घ्या ना.'

'नको ओ.'

'का? घ्या की. त्यात काय झालं?' माझा आवाज जरा जास्तच गोड झाला होता.

'कपात चा किती मावतो? पेल्यात घेतला की पोटभर होतो,' म्हणाल्या, आणि स्वतःच पेला घासून घेतला. कपातला चहा त्यात ओतला, पातेल्यातला उरलेला वर घातला आणि बसल्या.

त्या खरं सांगत होत्या, की मला सांभाळून घेत होत्या, ते कळायला मार्ग नाही. त्या गेल्यावर मी पाण्याने मापून पाहिलं. पेल्यात दीड कप मावतो. मग पेला पुसून आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला.

काल दुपारी मावशी म्हणाल्या, 'कुठं ठेवता ओ ताई, शोधत बसावं लागतंय.'