शेवटच्या रांगेपर्यंत

मी पुण्यात वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. पार्किन्सन झालेल्या ज्येष्ठ रुग्णांच्या घरी जाऊन मी त्यांच्या आवाजावर काम करते. सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका वयोवृद्ध नटांकडे मी आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, असे चार आठवडे जात होते. त्या सोळा दिवसांपैकी दहाव्या दिवसाविषयी मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. त्यांचे आणि नाटकाचे नाव लिहू नये, अशी त्यांची इच्छा असल्याने मी त्यांना नुसते अप्पा म्हणते.

या आजारात आवाज क्षीण होतो, एकसुरी होतो आणि वाक्याच्या शेवटी विरून जातो. रुग्णाला मात्र आपण पूर्वीसारखेच बोलत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. घरच्यांनी ‘मोठ्याने बोला’ म्हटले, की त्याला आपण ओरडतो आहोत असे वाटून संकोच होतो. म्हणून उपचारात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटायची असते, ती म्हणजे मोठा आवाज. छाती भरून श्वास घ्यायचा, ‘आऽऽ’ जमेल तितका वेळ लावून धरायचा, रोजच्या वापरातली दहा वाक्ये त्याच जोमाने म्हणायची आणि मग वाचन करायचे. मी मोबाइलवरचे ध्वनिमापक तोंडापासून साधारण तीस सेंटिमीटरवर धरते. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण फोन तोच आणि अंतर तेच ठेवले तर कालच्याशी तुलना करता येते. अप्पांचे बोलणे पहिल्या दिवशी बासष्ट डेसिबलच्या आसपास होते आणि मला ते सत्तरच्या पुढे न्यायचे होते. ‘आऽऽ’ पंचाहत्तरपर्यंत जाई, वाक्य आले की आकडा पुन्हा खाली येई. नऊ दिवस हेच चालले होते.

दहाव्या दिवशी वाचनाला काय घ्यावे, हा प्रश्न त्यांच्या सूनबाईंनी सोडवला. टपालाने आलेले चार पानी पत्र त्यांनी अप्पांच्या हातात दिले. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका अनोळखी तरुणाने ते लिहिले होते. अप्पांनी पन्नास वर्षांपूर्वी एका नाटकात सावकाराची खलभूमिका केली होती आणि नाटकाच्या दौऱ्यात एक प्रयोग त्या गावच्या पटांगणात झाला होता. त्या भूमिकेबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र होते.

अप्पांनी वाचायला सुरुवात केली तेव्हा आकडा त्रेसष्ट होता. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी शब्द एकमेकांवर धावू लागले आणि शेजारी बसलेल्या मलाही काही कळेना. मी थांबवले नाही, कारण त्यांचे डोळे आवाजाच्या पुढे गेले होते. मग मी पत्र मागून घेतले आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

मुलाने लिहिले होते: “माझे आजोबा परवानाधारक सावकार होते. आपल्या नाटकात आपण कर्जदाराला उंबऱ्याबाहेर उभे ठेवून आत बैठकीवर सुपारी कातरत बसला होता. आपण एकदाही ओरडला नाहीत. आजी सांगत असे, की परत येताना आजोबा बैलगाडीत एक शब्द बोलले नाहीत, कारण ते स्वतः नेमके तसेच बसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकायला सांगितली. व्याज त्यांनी सोडले नाही, हे मला लपवायचे नाही. पण आलेला माणूस बसल्याशिवाय त्यांनी वही उघडली नाही आणि माणसांसमोर पुन्हा अडकित्ता हातात घेतला नाही. तो अडकित्ता आता माझ्याकडे आहे. मी लहानपणी ज्या आजोबांच्या मांडीवर बसलो, ते त्या प्रयोगानंतरचे आजोबा होते. म्हणून आपले आभार.”

‘व्याज त्यांनी सोडले नाही’ या वाक्यापाशी अप्पांनी मान हलवली. त्या मुलाचे हे एक वाक्य मला सगळ्या पत्रात सर्वांत मोलाचे वाटले. आजोबांना त्याने देवमाणूस केले नाही, म्हणूनच सतरंजीवर विश्वास बसतो.

“तुम्ही इतकं हळू बोलत होतात, मग पटांगणात ऐकू कसं जायचं?” मी विचारले.

“हळू बोलत नव्हतो, बाई,” अप्पा म्हणाले. “शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं हळू बोलत होतो.”

मग त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितले. तालमीत ते आधी भुवया चढवून, दात-ओठ खाऊन बोलत. दिग्दर्शकांनी ते सारे काढून टाकले आणि हातात अडकित्ता दिला. सुपारी कातरली जाई तेवढ्या वेळात अप्पा पोटापर्यंत श्वास भरून घेत. वाक्य आखूड ठेवत आणि त्याचा शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरीव टाकत. कानाला तो आवाज शांत वाटे, पण त्यामागे पूर्ण श्वास असे. प्रयोग बिघडतो आहे हे त्यांना टाळीवरून कळे. खलनायकाच्या वाक्याला टाळी आली, की आपण भूमिका सोडून वाक्य मिरवले असे ते समजत. बरोबर पडलेल्या वाक्यानंतर प्रेक्षागृहात कुणी खोकतही नसे.

मी नऊ दिवस ‘मोठ्याने, मोठ्याने’ म्हणत होते आणि ज्या माणसाने आयुष्यभर न ओरडण्याची साधना केली, त्याला तो शब्द आतून नको होता, हे मला त्या क्षणी उमगले. मी शब्द बदलला. “अप्पा, आता पत्र शेवटच्या रांगेला वाचून दाखवा.”

पहिला प्रयत्न फसला. त्यांनी सावकाराचा खर्ज लावायला गळा आवळला, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आवाज घोगरा आला. आकडा वाढला होता, पण असा वाढलेला आकडा उपयोगाचा नसतो, गळ्याला इजा होते. मी लगेच थांबवले, पाणी दिले आणि आवाज स्वतःचाच ठेवायला सांगितले. हात थरथरत असल्याने अडकित्ता देणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक वाक्याआधी मीच पेनने टेबलावर एक टक वाजवली. त्या टकेसरशी त्यांनी श्वास भरला. “माझे आजोबा परवानाधारक सावकार होते.” एकाहत्तर. ‘होते’सुद्धा पुरते ऐकू आले आणि स्वयंपाकघरातून सूनबाई हात पुसत बाहेर आल्या.

सबंध पत्र तसे झाले नाही. तिसऱ्या परिच्छेदात दमणूक दिसली, आकडा पासष्टवर आला आणि मी वाचन थांबवले. एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी टिकतोच असे नाही. अकराव्या दिवशी आम्हाला पुन्हा सदुसष्टपासून सुरुवात करावी लागली.

पत्राला उत्तर द्यायचे होते. अक्षर बारीक होत होत ओळीअखेर दिसेनासे होते, म्हणून अप्पांनी ते माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. बराच वेळ ते पत्राची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग म्हणाले, की त्या नाटकात त्यांच्या तोंडी एक वाक्य कधीच नव्हते, तेवढेच त्या मुलाला पाठवायचे आहे. मी टेबलावर टक वाजवली.

“या, बसा.”

बहात्तर. रोजच्या दहा वाक्यांच्या यादीत दहावी जागा अजून रिकामी होती. तिथे त्यांनी मला हेच लिहायला सांगितले.