दोन्हीकडून काश्यप

गेल्या वैशाखात अमळनेर तालुक्यातील एका गावी लग्न लावताना जो प्रसंग उभा राहिला, तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी मुलाकडचा पुरोहित होतो आणि मुलीकडे त्यांच्या गावचे जोशी होते. मंगलाष्टके होऊन अक्षता पडल्या, वऱ्हाडातील निम्मी माणसे वरणबट्टीच्या पंगतीकडे वळली आणि मंडपात कन्यादानासाठी जवळचे नातेवाईक तेवढे उरले. आमच्या भागात लोकांना अक्षता पडल्या की लग्न लागले असे वाटते. शास्त्राने ते सप्तपदीला पूर्ण होते आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही, सप्तपदीचा विधी असेल तेथे, सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण झाला असे मानतात. म्हणजे माळा गळ्यात असल्या तरी त्या घडीला लग्न पुरते झालेले नव्हते.

कन्यादानात वराचे आणि वधूचे गोत्र, प्रवर म्हणजे कुळातील ऋषींची नावे, व तीन पिढ्या मोठ्याने उच्चाराव्या लागतात. अमुक गोत्रात जन्मलेल्या अमक्याच्या प्रपौत्राला, अमक्याच्या पौत्राला, अमक्याच्या पुत्राला, अमुक गोत्रात जन्मलेली प्रपौत्री, पौत्री, पुत्री देतो, अशी ती रचना आहे आणि ती तीनदा म्हणतात. जोशीबुवांच्या हातात दोन्ही घरांच्या नावांची चिठ्ठी होती. त्यांनी वराचे गोत्र काश्यप म्हटले, वधूचेही काश्यप म्हटले, प्रवरही दोघांचे तेच म्हटले, काश्यप, आवत्सार, नैध्रुव, आणि ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे ते पंगतीपर्यंत ऐकू गेले. मुलीच्या नात्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते जागेवरून उठले आणि म्हणाले, "गुरुजी, थांबा. गोत्र एक असले तर ही भाऊबहीण झाली. हे लग्न कसे लागते?"

जोशीबुवा म्हणाले, "चालते हो आप्पा, हल्ली सगळे चालते." पौरोहित्य करणाऱ्या माणसाच्या तोंडी यापेक्षा वाईट उत्तर मला सुचत नाही. चालत असेल तर का चालते हे सांगता आले पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर इतकी वर्षे आपण त्या शब्दांचा उच्चार कशासाठी करत आलो, असा प्रश्न यजमानाने विचारला तर त्याचे काय चुकले? त्यातच दोन्ही घरांचे आडनाव पाटील. खानदेशात पाटील हे आडनाव गावकीच्या वतनावरून घराघराला चिकटलेले आहे आणि त्यावरून कूळ कळत नाही हे सर्वांना ठाऊक असते; पण आडनाव एक आणि गोत्रही एक असे लागोपाठ ऐकल्यावर मुलीच्या आजीने कपाळाला हात लावला.

मी आधी दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : काश्यप हे तुम्हाला कोणी सांगितले? मुलाचे आजोबा म्हणाले की त्र्यंबकेश्वरी नारायणनागबळी केला, तेव्हा गोत्र माहीत नाही म्हटल्यावर तेथील गुरुजींनी काश्यप म्हणा असे सांगितले, तेव्हापासून आम्ही तेच म्हणतो. मुलीचे काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बायोडाटामा रकाना व्हता, गुरुजी. रिकामा कसा ठेवाना?" विवाहमंडळाच्या कार्यालयात बसलेल्या माणसाने त्यांना काश्यप भरा म्हणून सांगितले होते. हे ऐकताच मला प्रकरण उलगडले. दोन्ही घरांना आपले गोत्र माहीत नव्हते आणि दोन्हीकडे न माहीत असल्याचे एकच उत्तर लिहिले गेले होते.

गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, या रूढीला आधार आहे. सर्व प्रजा काश्यपी आहेत असे शतपथ ब्राह्मणातील वचन आहे, आणि ज्याचे गोत्र हरवले त्याला काश्यपाच्या छत्राखाली घ्यावे असा व्यवहार त्यावर उभा राहिला. सत्यनारायणाच्या संकल्पात किंवा श्राद्धात हे उत्तर पूर्णपणे चालते, कारण तेथे एकच कुटुंब देवापुढे किंवा पितरांपुढे आपली ओळख सांगत असते. कन्यादानात मात्र दोन गोत्रे समोरासमोर उभी केली जातात आणि ती वेगळी आहेत हे सर्वांसमक्ष जाहीर होते. तेथे दोन्ही बाजूंनी हेच पर्यायी उत्तर दिले की ते एकमेकांवर आपटते. वर्षानुवर्षे पूजा सांगणाऱ्यालाही हा फरक लक्षात येत नाही, कारण पूजेत तो कधी अडत नाही.

आप्पांना मी हे सांगितले, पण ते शिक्षक असल्यामुळे त्यांना मूळ हवे होते. मुळात हे विचारतातच कशाला, असे त्यांनी विचारले. प्रवराचा उगम श्रौत यज्ञात आहे. यज्ञात अग्नीला बोलावताना यजमानाच्या कुळातील मंत्रद्रष्ट्या ऋषींची नावे घेतात. ज्या अग्नीने त्या ऋषींचे हवन देवांपर्यंत नेले तोच अग्नी आज या यजमानाचेही नेवो, अशी त्यामागची भावना आहे. ही नावे एक, दोन, तीन किंवा पाच असतात. चार घेत नाहीत आणि पाचांच्या वर जात नाहीत. गोत्र म्हणजे विश्वामित्र, जमदग्नी, भरद्वाज, गौतम, अत्री, वसिष्ठ, कश्यप आणि आठवा अगस्त्य यांची संतती, अशी बौधायनाची व्याख्या आहे. एका गोत्राच्या अनेक शाखा होतात आणि प्रवरावरून त्या ओळखू येतात, म्हणून नुसते गोत्र सांगून आमचे भागत नाही. वेगळ्या नावाच्या दोन गोत्रांत प्रवराचा ऋषी समान निघाला, तर तेथेही विवाहाला हरकत सांगितली आहे.

ही परंपरा टिकली ती जेथे लिहिण्याची आणि पाठांतराची शिस्त होती तेथे. चाळीसगावजवळ पाटण येथे पाटणादेवीच्या देवळात भास्कराचार्यांच्या वंशाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्यांचे घराणे शांडिल्य गोत्राचे, हे त्यात कोरले आहे आणि स्वतः भास्कराचार्यांनीही ते लिहून ठेवले आहे. ज्या घरांनी नांगर आणि वतन सांभाळले त्यांनी ओळख दुसऱ्या खुणांनी जपली : कूळ, देवक, कुलदैवत आणि मूळ गाव. त्या खुणा कमी दर्जाच्या आहेत असे मानणारे पुरोहित मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो, कारण सोयरीक जुळवताना या घरांत जी चौकशी होते ती आमच्या गोत्रविचारापेक्षा कितीतरी कसून होते.

म्हणून मी तीच चौकशी मंडपात केली. मुलाचे कूळ बोरसे, देवक पंचपल्लव. मुलीचे कूळ पवार, देवक तलवारीची धार. मूळ गावे तापीच्या दोन वेगळ्या काठांवरची, आणि दोघांच्या भाऊबंदकीत कोठेही एक नाव येत नव्हते. आईकडूनही नाते निघाले नाही. म्हणजे रक्ताच्या दृष्टीने शंकेला जागा राहिली नाही. कायद्याच्या दृष्टीने तर सगोत्र आणि सप्रवर विवाह 1946 च्या कायद्यानेच वैध ठरले आहेत. 1955 च्या कायद्यात पाहायचे ते सपिंडत्व, म्हणजे वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांचे अंतर.

आजीचे समाधान मात्र कायद्याने होणार नव्हते आणि उच्चार तर पुन्हा करणे भागच होते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेत विज्ञानेश्वर सांगतो की क्षत्रिय आणि वैश्य यांना स्वतःची गोत्रे व प्रवर नसल्यामुळे त्यांनी पुरोहिताचे गोत्र आणि प्रवर धरावेत. त्या आधाराने आम्ही दोन्ही घरांना आपापल्या पुरोहिताचे गोत्र दिले. माझे गोत्र आत्रेय आहे, म्हणून वराला आत्रेय, आर्चनानस, श्यावाश्व असे त्रिप्रवर म्हटले. जोशीबुवांचे भारद्वाज, म्हणून वधूला आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज. संकल्प नव्याने सोडला, तीन पिढ्या पुन्हा तीनदा उच्चारल्या आणि आप्पा खाली बसले. त्यानंतर लाजाहोम आणि सप्तपदी निर्विघ्न झाली.

मला जे खटकते ते यापुढचे. विज्ञानेश्वराने पुरोहिताच्या गोत्राची ही गोष्ट विवाहप्रकरणात, समान गोत्र टाळण्याच्या संदर्भातच सांगितली आहे. तिचा अर्थ काटेकोरपणे घेतला तर एकाच पुरोहिताच्या दोन यजमान घरांत सोयरीकच होऊ नये. आमच्याकडे पाच-सहा गावांना मिळून एक जोशी असतो. तो नियम पाळायचा तर त्या गावांतील लग्ने बंद पडतील. त्या दिवशी दोन पुरोहित होते म्हणून वाट निघाली. दोन्हीकडचा मीच असतो तर? माझे मत असे झाले आहे की उसने घेतलेले गोत्र, मग ते काश्यपाचे असो की पुरोहिताचे, केवळ उच्चारापुरते असते; त्यावरून विवाहाची मनाई काढू नये, आणि मनाईचा विचार त्या घराने प्रत्यक्ष जपलेल्या कूळ-देवकावरून करावा. जोशीबुवांना हे पटत नाही. ते म्हणतात की मग उच्चारात दोन्हीकडे काश्यप राहू दिले असते तर काय बिघडत होते? तर्काने त्यांचे म्हणणे खोडता येत नाही हे मी मान्य करतो. फक्त तसे राहू द्यायचे असेल तर कन्यादानाच्या आधी दोन्ही घरांना बसवून कारण सांगितले पाहिजे, आणि तेवढे कष्ट घेण्याची त्यांची तयारी नाही.

त्या लग्नानंतर मी साखरपुड्यालाच दोन्ही घरांची चौकशी करतो. गोत्र सांगितले की ते कोठून कळले हेही विचारतो. माहीत नसेल तर तसे सरळ सांगा, ऐकीव नाव देऊ नका, असे बजावतो. "माहीत नाही" या उत्तरावर मला विधी उभा करता येतो, पण चुकीच्या नावावर तो उभा आहे हे मला मंडपात जाईपर्यंत कळतही नाही. कोणी गोत्राऐवजी सूर्यवंशी म्हणतात, कोणी रास सांगतात. त्यांना हसण्यासारखे काही नाही, कारण त्यांना कोणी नीट विचारलेलेच नसते. शोधायचेच असेल तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांनी लिहून ठेवलेली वंशावळ पाहावी. तेथे मूळ गाव आणि कूळ सांगितले की जुनी नोंद निघू शकते, आणि तीत गोत्र नसले तरी पिढ्यांची नावे मिळतात, जी कन्यादानाला आणि श्राद्धाला तितकीच लागतात.

मुलीच्या काकांनी नंतर फोन करून विचारले की आता आमच्या घरी पूजेला कोणते गोत्र म्हणायचे, काश्यप की भारद्वाज. मी सांगितले की पूजेत आणि श्राद्धात काश्यपच म्हणा, वहीत मात्र त्यापुढे "गोत्र अज्ञात म्हणून" असे लिहा आणि खाली कूळ, देवक व मूळ गाव नोंदवा. मुलीने इतःपर सासरचे म्हणायचे. सासरी त्र्यंबकेश्वरापासून काश्यपच चालत आले असल्यामुळे तिने पूजेत माहेरचा तोच शब्द म्हणायचा आहे, हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मंग आप्पाले सांगू नका."