आमची वाटचाल : दोन मशीनं घेतली, पण पैसे अडकले बिडात

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. मी आणि धाकटा भाऊ, दोघांची भागीदारी. २०२३ च्या दिवाळीपर्यंत आम्ही निव्वळ जॉबवर्क करत होतो. गिऱ्हाईक स्वतःचं कास्टिंग टेम्पोत घालून पाठवायचं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून परत द्यायचो आणि मजुरीचं बिल लावायचो. तीन मशीनं, अकरा माणसं, वर्षाला १ कोटी ३० लाखांच्या आसपास मजुरी. माल दुसऱ्याचा असल्यामुळे आमचे पैसे फक्त पगार, वीज आणि इन्सर्टमध्ये गुंतायचे. त्या काळात कुणी मला खेळतं भांडवल म्हणजे काय असं विचारलं असतं, तर नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर एका मोठ्या गिऱ्हाइकाने बेअरिंग हाउसिंगची चौकशी पाठवली. महिन्याला १,५०० नग, प्रत्येकी आठ किलो, पण अट 'विथ मटेरियल'. म्हणजे फाउंड्रीतून बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं कास्टिंग, आम्ही विकत घ्यायचं, मशीनिंग करायचं आणि तयार नग विकायचा. नगाला १,१०० रुपये. त्यात बिडाचे ७२० आणि आमचे ३८०. भाऊ त्याच दिवशी मशीनच्या कॅटलॉगात शिरला. एक सीएनसी टर्निंग सेंटर २४ लाख, एक व्हीएमसी ३२ लाख, फिक्स्चर, गेज, फाउंडेशन आणि वीज लोड वाढवायचे ६ लाख, एकूण ६२ लाख. आम्ही या एकाच आकड्यासाठी पैसे शोधायला निघालो आणि पहिली चूक तिथेच झाली.

पैसे तीन ठिकाणांहून मिळत होते: हिस्सा मागणारा भागीदार, बँक आणि फाउंड्रीची उधारी.

पहिले भेटले पाहुण्यांच्या ओळखीचे एक बांधकाम व्यावसायिक. माणूस सरळ, हिशोबाला पक्का. ३० लाख घालतो म्हणाले, बदल्यात २६ टक्के हिस्सा. भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करायची आणि पाच वर्षांनी त्यांचा हिस्सा त्या वेळच्या किमतीला आम्ही परत विकत घ्यायचा. हप्ता नाही, व्याज नाही. भाऊ म्हणाला, "दादा, बिनव्याजी पैसा आहे, घेऊन टाकू." सीएने आधी २६ हाच आकडा का, ते सांगितलं. कंपनीत विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे पंचवीसच्या वर हिस्सा असलेला माणूस एकटा असा ठराव अडवू शकतो. मग किंमत मांडली. जुनी आणि नवी मशीनं धरून वर्षाला ३५ लाख नफा झाला, तर त्यांच्या वाट्याचे ९ लाखांवर. तेवढ्याच ३० लाखांवर बँकेचं व्याज पहिल्या वर्षी ३ लाखांच्या आसपास, आणि ते दरवर्षी कमी होत जाणार. शिवाय वीस वर्षं चालवलेल्या जुन्या तीन मशीनांच्या कमाईतही ते वाटेकरी होणार होते.

तरी त्यांच्या पैशाला एक गुण होता आणि तो मी अजूनही नाकारत नाही. ऑर्डर घटली तर त्यांचं नुकसान आमच्याबरोबर झालं असतं. बँकेचं तसं नसतं. हा फरक किती रुपयांचा आहे ते बँकेच्या अधिकाऱ्याच्या एका प्रश्नाने कळलं: "दीड हजारच्या जागी नऊशेच नग गेले तर?"

घरी वहीत मांडून पाहिलं. नगामागे ३८० रुपये, त्यातून टूलिंग, वीज आणि वाहतूक गेली की २७० उरतात. नव्या मशीनांचे पगार आणि बाकी ठरलेला खर्च महिन्याला १ लाख ६५ हजार. कर्ज साडेशेहेचाळीस लाख, म्हणजे ६२ लाखांच्या ७५ टक्के, साडेदहा टक्क्यांनी, साठ हप्ते. हप्ता जवळजवळ बरोबर एक लाख. १,५०० नगांना हप्ता जाऊन १ लाख ४० हजार उरत होते. ९०० नगांना हातात येणार होते ७८ हजार, म्हणजे हप्त्याला २२ हजार कमी. साधारण ९८० नगांवर हप्ता जेमतेम सुटत होता. मग गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याला मी एकच विचारलं, गेल्या तीन वर्षांत या नगाचा सगळ्यात वाईट महिना कितीचा होता? तो म्हणाला, अकराशेचा. त्या उत्तरावर आम्ही बँकेकडे गेलो. तो सातशे म्हणाला असता तर बांधकामवाल्यांना फोन केला असता, २६ टक्के असोत नाहीतर काही असोत.

बँकेने आधी राहत्या घराचे कागद मागितले. आई घरात आहे, घर गहाण टाकणार नाही असं सांगितलं. मग विषय निघाला सीजीटीएमएसईच्या हमीचा. ही हमी असली की तारण म्हणून वेगळी मालमत्ता द्यावी लागत नाही, मशीन बँकेकडे नजरगहाण राहतं आणि वर्षाला हमीची फी भरावी लागते. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना वाटतं की कर्ज बुडालं तर सरकार भरतं आणि आपण सुटतो. ती हमी बँकेसाठी असते. बँकेला पैसे मिळाले तरी आमच्याकडची वसुली थांबत नाही आणि दोघा भावांच्या सह्या वैयक्तिक हमीवर असतातच.

एप्रिल २०२४ मध्ये मुदत कर्ज मंजूर झालं, सहा महिने फक्त व्याज आणि नंतर हप्ते. सोबत २० लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं आणि भरायचं खातं. आमच्या वाट्याचे साडेपंधरा लाख ठेव मोडून भरले. मग मशीनवाल्याचं बिल आलं आणि त्यात खाली जीएसटी होता, ५६ लाखांवर १८ टक्के, १० लाख ८ हजार. बँकेने कर्ज मशीनच्या मूळ किमतीवर दिलेलं. हा जीएसटी वाया जात नाही, पुढच्या बिलांवरच्या करातून वळता होतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तो वळता व्हायला आमच्या धंद्यात पाच-सहा महिने लागणार होते आणि मशीनवाल्याला रक्कम गाडी निघायच्या आधी हवी होती. आम्ही ती कॅश क्रेडिटमधून भरली. जुन्या जॉबवर्कच्या येण्यावर बँक जेवढी उचल देत होती ती जवळजवळ सगळी त्यात गेली.

आता बिडाकडे येतो. ही गोष्ट त्याचीच आहे. महिन्याला १२ टन बीड लागायचं. फाउंड्रीच्या मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "रोख नेणार का उधारीवर?" रोख ९० रुपये किलो, ४५ दिवसांच्या उधारीवर सव्वाब्याण्णव. सव्वादोन रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटून आम्ही उधारी घेतली. कागद नाही, तारण नाही, अधिकाऱ्याची वाट बघणं नाही, एका चहावर काम झालं. नव्वदवर सव्वादोन म्हणजे अडीच टक्के, तेही ४५ दिवसांचे. वर्षाला लावले की वीस टक्के होतात. बँक साडेदहाने देत होती आणि आम्ही तिच्या जवळजवळ दुप्पट दराने चहा पीत होतो.

उधारीच्या फटक्याचा दुसरा भाग सीएलाही उशिरा सुचला. कॅश क्रेडिटची मर्यादा २० लाख असली तरी उचलता येतात तेवढे, जेवढी ड्रॉइंग पॉवर निघते. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर बँक शेडमधला माल आणि गिऱ्हाइकांकडचं येणं धरते, त्यातून मालवाल्यांचं देणं वजा करते आणि उरलेल्याच्या ७५ टक्के देते. ऑगस्टच्या स्टेटमेंटवर नव्या ऑर्डरचं बीड ११ लाखांचं आणि फाउंड्रीचं देणं जीएसटीसह १३ लाखांचं. बिलं अजून गेलीच नव्हती. म्हणजे नव्या कामावर बँकेच्या दृष्टीने आमचं काहीच नव्हतं. मी मनात उधारी आणि कॅश क्रेडिटची बेरीज धरून बसलो होतो. बँक मात्र एकातून दुसरं वजा करत होती.

माल आमच्याकडे सरासरी वीस दिवस राहायचा. गिऱ्हाइकाच्या कागदावर ४५ दिवस लिहिलेले, पैसे साठाव्या दिवशी यायचे. म्हणजे बीड दारात आल्यापासून ऐंशी दिवसांनी पैसा, आणि फाउंड्रीला द्यायचा पंचेचाळिसाव्या दिवशी. मधले पस्तीस दिवस कोण भरणार, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या १३ लाखांची तारीख आली आणि खात्यात चार लाख होते. चेक देऊन परत येऊ देण्यापेक्षा दोन दिवस आधी मी फाउंड्रीवर गेलो. मालक भट्टीपाशी उभे होते, घाम पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, मला पण कच्चं लोखंड आणि कोक रोखीनं घ्यावा लागतो. चार द्या, बाकीचे येईपर्यंत गाडी थांबवतो." आठ दिवस बीड आलं नाही. त्या महिन्यात गिऱ्हाइकाला ४०० नग कमी गेले आणि परचेसवाल्याचे रोज दोन फोन. शेवटी चुलतभावाकडून ९ लाख बारा टक्क्यांनी घेतले, वर्षभर हलवायचे नाहीत या बोलीवर.

मार्चमध्ये सीएने आणखी एक गोष्ट पुढ्यात ठेवली. फाउंड्रीच्या बिलावर उद्यम नंबर होता, लघुउद्योग म्हणून. २०२३-२४ या वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर ३१ मार्चला राहिलेली ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरली जात नाही. खर्च मिळतो तो पैसे दिल्याच्या वर्षी. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. आमची सगळी बोलणी तोंडी! जवळपास दहा लाखांची बिलं पंधरा दिवसांच्या पुढे गेलेली होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती भरली आणि एप्रिलमध्ये फाउंड्रीशी एका पानाचा करार केला. आम्हीही उद्यम नोंदणीवाले, त्यामुळे हाच कायदा आमच्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. पण निम्मं काम ज्याच्याकडून येतं त्याला नोटीस कोण पाठवणार?

नंतर व्यवस्था बदलली. जीएसटी वळता होऊन कॅश क्रेडिट मोकळी झाली, तसं आम्ही दोन तृतीयांश बीड रोखीने नव्वदच्या भावात घ्यायला लागलो. आठ टनांवर महिन्याला १८ हजार वाचतात आणि देणं कमी झाल्यामुळे ड्रॉइंग पॉवरही वाढते. उरलेले चार टन मुद्दाम उधारीवर ठेवलेत, कारण एखाद्या महिन्यात नड आली तर फाउंड्रीशी चालू खातं असलेलं बरं. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं बँकांकडून वटवून घ्यायच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची झाल्यावर आमचं गिऱ्हाईकही तिथे आलं. त्यांनी बिल मान्य केलं की एखादी बँक व्याज कापून तीन-चार दिवसांत पैसे टाकते, आणि दर गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरत असल्याने आमच्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडतो. अडचण एवढीच की बिल मान्य करायला त्यांच्या अकाउंट्सला कधी दोन दिवस लागतात, कधी बावीस.

चुलतभावाचे ९ लाख गेल्या गणपतीत फेडले. भाऊ आता तिसऱ्या मशीनचा कॅटलॉग घेऊन फिरतो आहे. मी त्याला मशीनच्या किमतीशेजारी दुसरा रकाना आखून दिला आहे: बीड किती, पैसे किती दिवसांनी, जीएसटी कुठून. तो रकाना अजून कोराच आहे.