उन्हाळी समजून काढलेले सहा महिने

मार्चमध्ये पहिल्यांदा लघवीला जळजळ झाली, तेव्हा मी उन्हाळी लागली असं समजून धण्याचं पाणी प्यायले. मेडिकलमधून आणलेल्या सिरपने जळजळही थांबली. ते सिरप लघवीतली आम्लता कमी करतं, जंतू मारत नाही, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

जूनमध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइनच्या पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या.

मी लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात काम करते. वय त्रेपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गिऱ्हाइकांची रीघ असते आणि दुकानात बायकांसाठी सोय नाही. म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचं आणि लागली तरी रात्री घरी पोहोचेपर्यंत थांबायचं. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा जळजळ सुरू झाली. डब्यातल्या त्याच गोळ्या घेतल्या. दोन दिवसांत जळजळ कमी झाली, पण तिसऱ्या रात्री हुडहुडी भरली. दोन रजया घेऊनही दात वाजत होते. ताप एकशे तीन, उलट्या, आणि उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली पाठीत खोल ठणका.

"डेंग्यू असेल, सगळीकडे साथ आहे," असं म्हणून ह्यांनी क्रोसिन दिली. लेक म्हणाली, "आई, डेंग्यूत एकाच बाजूला दुखेल का? उठ, आत्ता जाऊ." रात्री दोनला दवाखान्यात पोहोचलो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पाठीवर, शेवटच्या बरगडीपाशी, मुठीने हलकेच ठोकलं. डाव्या बाजूला काही वाटलं नाही, उजवीकडे मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, "काकू, जंतू मूत्राशयातून वर किडनीत गेलेत." सलाईन लावायच्या आधी लघवीचा नमुना घेतला: पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. अँटिबायोटिक त्यानंतर. औषध आधी दिलं तर कल्चरमध्ये बरेचदा जंतू वाढत नाहीत आणि मग नेमकं काय चालेल ते कळत नाही. सकाळी सोनोग्राफी झाली. खडा किंवा मूत्रवाहिनीत अडथळा नव्हता. असता तर नुसत्या औषधाने भागलं नसतं, असं त्यांनी सांगितलं.

दोन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला: ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलिटर लघवीत एक लाखाच्या वर. सुरू असलेल्या इंजेक्शनसमोर 'आर', म्हणजे त्याला हे जंतू दाद देत नव्हते, म्हणून ते बदललं. पण माझ्या गोळीसमोर 'एस' होतं, म्हणजे ती लागू पडते. मी विचारलं, "मग मी घेत होते तरी हे कसं झालं?"

"ती गोळी लघवीत भरपूर उतरते, म्हणून मूत्राशयात काम करते. किडनीच्या मांसात पुरेशी पोहोचतच नाही. खाली जळजळ कमी झाली आणि वर जंतू वाढत राहिले."

हे ऐकून मी गप्पच झाले. मला आराम वाटला, तोच मला फसवून गेला. नुसती जळजळ असेपर्यंत दुखणं बहुतेक खाली असतं. थंडी वाजून ताप, कुशीत ठणका आणि उलट्या आल्या की ते वर गेलेलं असतं, आणि मग घरातली कुठलीही उरलेली गोळी चालत नाही.

चार दिवसांनी घरी आले, दहा दिवसांचं औषध या वेळी पुरं केलं. तरी हे परत परत का होतं, ते तपासणीच्या वेळी समजलं. हे जंतू आपल्याच आतड्यातले, आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. पाळी असेपर्यंत योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्लता टिकवून ई. कोलायला पाय रोवू देत नाहीत. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, ते जंतू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मिळते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर कारण शोधायलाच हवं. माझं तिन्ही वेळा सहा महिन्यांतच झालं होतं.

त्यांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं: दोन आठवडे रोज रात्री आत लावायचं, मग आठवड्यातून दोनदा. हार्मोन म्हटल्यावर मी घाबरले. त्यांनी आधी स्तनाच्या कॅन्सरबद्दल आणि पाळी गेल्यानंतर रक्त गेलं का ते विचारलं, मग सांगितलं की या मात्रेत ते रक्तात फारच थोडं जातं. गुण यायला काही महिने लागतात. दुकानात मी मालकांशी बोलले. आता शेजारच्या इमारतीतलं स्वच्छतागृह आम्हा बायकांना वापरता येतं, आणि माझी बाटली दिवसात दोनदा भरली जाते.

जानेवारीत पुन्हा थोडी जळजळ झाली. गोळीला हात न लावता सकाळी नमुना घेऊन लॅबमध्ये गेले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, जंतूंची वाढ नाही. ती जळजळ कोरडेपणाची होती. सणाच्या गडबडीत क्रीम तीन आठवडे राहून गेलं होतं.