‘विल सी’ या उत्तरानंतर

गणपतीला रत्नागिरीला जाण्यासाठी मागितलेल्या रजेवर आज मॅनेजरसाहेबांचे ‘विल सी’ एवढेच उत्तर आले. हा नकार नाही, पण होकारही नाही. पोर्टलवर अर्जापुढे अजून ‘Pending’ दिसते, आणि ते ‘Approved’ होण्याआधी रजा मंजूर धरून निघालो तर ती विनापरवानगी गैरहजेरी ठरू शकते. साहेबांची अडचणही खरी आहे, कारण त्याच आठवड्यात ऑडिट आहे आणि टीममधल्या आणखी दोघांनी रजा मागितली आहे.

म्हणून नुसती आठवण न करता मी संध्याकाळी सविस्तर मेल पाठवला. बिलांची पडताळणी निघण्यापूर्वी पूर्ण करून देईन, उरलेले काम शेजारच्या सहकाऱ्याने (त्याला आधी विचारूनच) स्वीकारले आहे, आणि सगळे दिवस जमत नसतील तर चतुर्थी ते गौरी विसर्जन एवढी तरी रजा मिळावी, असे त्यात लिहिले. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते व कोकणच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून शुक्रवारपर्यंत निर्णय कळवण्याची विनंतीही केली.

तोवर उत्तर आले नाही, तर सोमवारी केबिनमध्ये जाऊन समक्ष विचारणार आहे. आईला मात्र ‘येतो’ असे अजून कळवलेले नाही.